चारशे भागिले चार म्हणजे शंभर नव्हे

परकी भाषा शिकवणाऱ्या वर्गांच्या माहितीपत्रकात हल्ली एक तक्ता हमखास सापडतो. वरच्या ओळीत ‘बोलण्यापुरती जर्मन : ४०० तास’ असं लिहिलेलं असतं आणि खाली सरळ भागाकार केलेला असतो. आठवड्याला ४ तास दिलेत तर १०० आठवडे, ८ दिलेत तर ५०, १६ दिलेत तर २५. पायाशी एक दिलासा असतो, की वेग तुमच्या सोयीने निवडा, मुक्काम तोच आहे. हा तक्ता इतका समंजस वाटतो की त्याच्याशी कुणी भांडत नाही. मला भांडायचं आहे, कारण त्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या ओळी वेगवेगळ्या मुक्कामांना जातात, आणि पहिली ओळ निवडणारी बरीच माणसं कुठेच पोचत नाहीत.

हे भांडण निव्वळ हौशी शिकणाऱ्यांपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि तेव्हापासून परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशी मंडळीही पुस्तक उघडून बसली आहेत. त्यांच्यासाठी बी-वन किंवा बी-टू ही पायरी छंदाची नाही. नोकरी कधी सोडायची, घरभाडं किती महिन्यांचं बाजूला ठेवायचं, लग्नाची तारीख पुढे ढकलायची का, हे सगळं त्या तक्त्यावर बेतलं जातं. भागाकार चुकीचा असेल तर त्याची किंमत हे लोक मोजतात.

आधी ४०० हा आकडा पाहू. तो अगदीच हवेतून आलेला नाही, पण कुणी तो असा सुटा दिलेलाही नाही. ग्योथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्सम्युलर भवन, बी-वनपर्यंत पोचायला ३५० ते ६५० तासिका लागतात असं सांगतं, आणि ही तासिका ४५ मिनिटांची असते. घड्याळी हिशेबात ते साधारण २६० ते ४९० तास होतात. खालचं टोक आणि वरचं टोक यांत जवळजवळ दुपटीचं अंतर आहे, आणि ते पूर्वज्ञानावर अवलंबून असल्याचं संस्था स्वतःच नमूद करते. शिवाय हे फक्त वर्गातले तास. घरचा अभ्यास यात धरलेला नाही. माहितीपत्रक छापणाऱ्याने या पट्ट्यातला मधला एक आकडा उचलला, तासिकेचा तास केला आणि ‘ते’ हा शब्द गाळला.

खुद्द जर्मन सरकारचा अनुभव याहून बोलका आहे. तिथे स्थायिक होऊ पाहणाऱ्यांसाठी जो एकात्मता अभ्यासक्रम चालतो, त्याच्या भाषाभागाला सर्वसाधारण विद्यार्थ्यासाठी ६०० तासिका ठेवलेल्या आहेत आणि उद्दिष्ट बी-वन आहे. झपाट्याने शिकणाऱ्यांसाठी ४०० तासिकांचा वेगळा वर्ग आहे. रोमन लिपी वाचता न येणाऱ्यांसाठी ९०० तासिकांचा. परीक्षेत बी-वन न गाठणाऱ्यांसाठी आणखी ३०० तासिका देण्याची तरतूदही त्या योजनेत करावी लागली. एकाच देशाने, एकाच परीक्षेसाठी, चारशेपासून हजाराच्या पुढेपर्यंत तरतूद केली आहे. आणि हे शिकणारे जर्मनीतच राहतात. बस, बेकरी, दवाखाना, शेजारीण, सगळीकडे त्यांच्या कानावर जर्मन पडते. तरीही त्यांच्यातला मोठा हिस्सा त्या परीक्षेत ए-टूवरच थांबतो. सांगलीत शनिवार-रविवारच्या वर्गाला जाणाऱ्याला मात्र आपण छातीठोकपणे ४०० सांगतो.

दुसरा आवडता दाखला अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेचा. जर्मनला ३६ आठवडे, स्पॅनिश-फ्रेंचला त्याहून थोडे कमी, हिंदीला ४४, जपानी-चिनीला ८८, अशी ती यादी सगळीकडे फिरते. ती यादी खरी आहे, फक्त तिच्यावरची तीन लेबलं फिरताना गळून पडतात. ते विद्यार्थी इंग्रजी मातृभाषेचे आणि पगार घेऊन दिवसभर तेवढंच काम करणारे राजनैतिक अधिकारी आहेत. त्यांचे वर्ग मूठभर माणसांचे आणि आठवड्याला वीसपेक्षा जास्त तासांचे असतात, वर रोजचा घरचा अभ्यास निराळा. आणि गाठायची पातळी चहापानाच्या गप्पांची नाही, कचेरीचं काम त्या भाषेत करण्याची आहे. म्हणजे या यादीतला प्रत्येक आकडा एका विशिष्ट वेळापत्रकात मोजला गेला आहे. तो उचलून आठवड्याला दोन तासांच्या वेळापत्रकात ठेवला की त्याचा अर्थ उरत नाही. आपल्याला तर त्यातला ‘जर्मन किती अवघड’ हा क्रमही जसाच्या तसा लागू नाही. तीन लिंगं, विभक्ती, वाक्याच्या शेवटी जाणारं क्रियापद यांनी इंग्रज बिचकतो; मराठी माणसाला ही घरचीच मंडळी आहेत. ‘टेबल’ नपुंसकलिंगी का, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. पडतो तो ‘जर्मनमध्ये तो पुल्लिंगी हे लक्षात कसं ठेवू’ असा. कल्पना फुकट मिळते, पाठांतर मात्र पूर्ण करावं लागतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, भागाकाराकडे. भागाकार तेव्हाच खरा ठरतो जेव्हा केलेलं काम जागच्या जागी राहतं. भाषेचं तसं नाही. मंगळवारी शिकलेले पंधरा शब्द पुढच्या मंगळवारपर्यंत पंधरा राहत नाहीत, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडून ठेवलं आहे. म्हणजे आपण तळाला गळणारा हौद भरतो आहोत. अशा हौदात किती पाणी ओतलं यापेक्षा कोणत्या वेगाने ओतलं याला महत्त्व येतं. नळाची धार गळतीएवढीच असेल तर हौद कधीच भरत नाही, भले तुम्ही दहा वर्षं नळ चालू ठेवा.

याचा एक ढोबळ हिशेब मांडतो. आकडे माझे आहेत, कुठल्या प्रयोगशाळेचे नाहीत. पण त्यातून वळण दिसतं. समजा, काहीही न विसरणाऱ्या माणसाला बोलण्यापुरती जर्मन यायला ३०० तास लागले असते. आणि समजा, मधल्या टप्प्यावरच्या विद्यार्थ्याला आहे तेवढं टिकवायलाच आठवड्याला दीड तास लागतो. मग आठवड्याला २ तास देणाऱ्याकडे पुढे सरकायला अर्धा तास उरतो. त्याला ६०० आठवडे लागतील, म्हणजे साडेअकरा वर्षं, आणि एकूण तास होतील १,२००. आठवड्याला ६ तास देणाऱ्याकडे साडेचार तास उरतात. त्याचे ६७ आठवडे आणि ४०० तास. १२ तास देणाऱ्याचे २९ आठवडे आणि सुमारे ३४० तास. २५ तास देणाऱ्याचे १३ आठवडे आणि सुमारे ३२० तास.

या चार ओळींतला फरक कुठे आहे ते नीट बघा. दोनावरून सहावर गेल्यावर एकूण खर्च ८०० तासांनी कमी झाला. सहावरून बारावर गेल्यावर साठेक तासांनी. बारावरून पंचवीसवर गेल्यावर जेमतेम वीस तासांनी. म्हणजे वेळापत्रकाचा परिणाम सगळीकडे सारखा नाही. तो सगळा खालच्या टोकाला गोळा झाला आहे. आठवड्याला चार तासांच्या खाली एकेक तास सोन्याच्या भावाचा असतो. दहाच्या वर गेल्यावर आणखी तास घालून कॅलेंडर आखडतं, एकूण तास फारसे वाचत नाहीत. दीडऐवजी एक तास गळती धरलीत तर आकडे बदलतील, दोन तासवाल्याचे ६०० तास होतील, पण वक्राचं वळण हेच राहील. माहितीपत्रकातला तक्ता मात्र ही वक्ररेषा सरळ पट्टीने आखतो, आणि तीही नेमकी जिथे ती सर्वांत जास्त वाकलेली आहे तिथे.

मग लोकांच्या हे लक्षात का येत नाही? कारण सुरुवातीला गळती जवळजवळ नसते. गळायला हौदात पाणी तर हवं. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला दोन तासही भरभरून देतात. नाव-गाव सांगता येतं, चहा मागता येतो, आकडे येतात, ए-वन होतं. ग्योथेच्या ए-वनच्या शब्दयादीत साधारण ६५० शब्द आहेत. एवढे सांभाळायला फार वेळ लागत नाही. ए-टूची यादी त्याच्या दुप्पट होते आणि बी-वनची जवळपास २,४०० वर जाते. सांभाळायचा माल चौपट होतो, सांभाळायचे तास मात्र दोनच. तिथे विद्यार्थी ‘अडकतो’. तो स्वतःच्या डोक्याला दोष देतो, शिक्षिका व्याकरणाला दोष देते, वर्गचालक पुढच्या बॅचची फी घेतो. खरं तर त्याचं डोकं पहिल्या दिवशी होतं तेवढंच आहे. त्याची दोन तासांची धार आणि गळती एका पातळीवर येऊन थांबली आहेत इतकंच.

हे घडतंय हे ओळखायला परीक्षा लागत नाही. वर्गाचा पहिला अर्धा तास दर वेळी मागचं आठवण्यात जातोय का ते पाहावं. वहीतल्या तीन आठवड्यांपूर्वीच्या पानावरचे दहा शब्द झाकून म्हणून पाहावेत. सहाच्या खाली येत असतील तर नवीन धडा घेण्यात अर्थ नाही. आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे तेच पुस्तक दुसऱ्यांदा पहिल्या पानापासून सुरू करणं. ए-टूचं पुस्तक दोनदा ‘रिव्हिजन’ म्हणून उघडणाऱ्याला कुणी सांगायला हवं की त्याचे पहिले ऐंशी तास वाहून गेले आहेत.

यावर जाणते लोक एक आक्षेप घेतात आणि तो बिनबुडाचा नाही. ते म्हणतात, स्मरणशक्तीचं शास्त्र तर उलट सांगतं. अंतर ठेवून केलेला अभ्यास एका दमात केलेल्यापेक्षा जास्त टिकतो. मग आठवड्याला थोडं थोडं हेच बरं नाही का? पुराव्यादाखल १९९३ चा बाहरिक कुटुंबाचा प्रयोग येतो. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक, त्यांची पत्नी आणि दोन मुली या चौघांनी परकी भाषेतले ३०० शब्द वेगवेगळ्या अंतरांनी घोकले. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांचा फायदा पुढे कित्येक वर्षांनी १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांएवढा भरला. निम्म्या कष्टात तेवढंच फळ. आकर्षक आहे, आणि मला त्याबद्दल शंका नाही.

पण त्या प्रयोगात अंतर कशात होतं? एकाच शब्दाच्या दोन उजळण्यांमध्ये. आठवड्याच्या तासांशी त्याचा काही संबंध नव्हता. आठवड्याला पंधरा तास शिकणाऱ्याचाही एखादा शब्द सोमवारी येतो, मग गुरुवारी, मग पंधरा दिवसांनी, मग दोन महिन्यांनी येऊ शकतो. मधल्या काळात तो दुसरे शब्द शिकत असतो. अंतर आणि दाट वेळापत्रक यांचं वैर नाही. उलट एकेका शब्दाला योग्य वेळी परत भेटायचं तर दर आठवड्याला भेटींची जागा पुरेशी हवी. दुसरं असं, की ५६ दिवसांच्या १३ फेऱ्या म्हणजे पावणेदोन वर्षांहून जास्त काळ आणि हाती शब्द मोजकेच. ते शब्द कित्येक वर्षं टिकवायचे असतील तर हा उत्तम मार्ग. पुढच्या वर्षी मार्चमध्ये श्टुटगार्टच्या रुग्णालयात उभं राहायचं असेल तर नव्हे. प्रत्येक अभ्यास कशाला उत्तर देतो ते पाहावं, नुसतं ‘अंतर चांगलं’ एवढंच घेऊन पळू नये.

वेळापत्रकाचाच प्रश्न विचारणारे अभ्यास वेगळे आहेत. बार्सिलोनात राकेल सेर्रानो आणि कार्मेन मुन्योस यांनी २००७ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांचे तीन गट ताडून पाहिले. तिघांनाही ११० तासच मिळाले. एका गटाला आठवड्याला ४ तासांप्रमाणे सात महिन्यांत, दुसऱ्याला १० तासांप्रमाणे, तिसऱ्याला २५ तासांप्रमाणे महिना-सव्वा महिन्यात. तास तेवढेच असूनही विरळ गट मागे पडला. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात फ्रेंच मुलांच्या इंग्रजीबद्दल १९९९ मध्ये आलेला अभ्यासही याच बाजूला झुकतो. यांच्यावर घेण्याजोगे आक्षेप आहेत आणि ते घ्यायला हवेत: दाट वर्गाला स्वतःहून जाणारा विद्यार्थी मुळातच जास्त मोकळा आणि जास्त भुकेला असू शकतो, आणि सेर्रानोंच्याच नंतरच्या कामात वरच्या पातळीच्या विद्यार्थ्यांमध्ये हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. पण हा दुसरा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. वरच्या पातळीवरचा माणूस भाषा वापरू लागलेला असतो. त्याची बरीचशी डागडुजी वाचता-बोलता आपोआप होते. गळती सर्वांत जास्त मधल्या टप्प्यावर असते आणि वेळापत्रक सर्वांत जास्त तिथेच जाचतं.

‘रोज फक्त पंधरा मिनिटं’ या जाहिरातीलाही इथेच उत्तर देऊन टाकतो. पंधरा मिनिटं रोज म्हणजे आठवड्याला पावणेदोन तास, वर्षाला ९१ तास. हे पावणेदोन तास सात दिवसांवर पसरलेले असल्याने रविवारी एकदम केलेल्या पावणेदोन तासांपेक्षा नक्कीच सरस, हे मान्य. भाषा येते त्यांनी ती गंजू नये म्हणून हाच डोस घ्यावा. पण सांभाळायला जेवढं लागतं तेवढंच देऊन नवीन भाषा उभी राहत नाही. फोनवर सलग तीनशे दिवसांची माळ झळकवणारी माणसं जर्मन माणसापुढे गप्प का होतात, याचं कोडं पडायचं कारण नाही.

इथे दाट वर्गांच्या दुकानदारांनी टाळ्या वाजवायची गरज नाही, कारण त्यांच्या ‘८० दिवसांत बी-वन’ या फलकालाही माझा तेवढाच विरोध आहे. पहिली गोष्ट वर आलीच: दहा-बारा तासांनंतर एकूण तासांत बचत थोडी. दुसरी गोष्ट अशी, की वर्गातला तास आणि बोलण्याचा तास या दोन निराळ्या वस्तू आहेत आणि फी पहिल्याची घेतली जाते. वीस विद्यार्थ्यांचा तीन तासांचा वर्ग घ्या. निम्मा वेळ शिक्षिका बोलते असं धरलं तर नव्वद मिनिटं उरतात, ती वीस जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार मिनिटं. असे चारशे तास म्हणजे १३३ वर्ग, आणि त्यांत एकेका विद्यार्थ्याने तोंड उघडल्याचा एकूण वेळ भरतो साधारण दहा तास. दहा तासांत कुणी बोलायला शिकत नाही, वर्ग दाट असो की विरळ.

बोलणं ही मुळात वेळेची परीक्षा आहे. माणसं गप्पा मारताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, हे दहा भाषांतली संभाषणं मोजून २००९ मध्ये दाखवलं गेलं. चित्र पाहून त्या वस्तूचं नाव उच्चारायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तोही मातृभाषेत. म्हणजे समोरचा बोलत असतानाच उत्तर जुळवावं लागतं. ज्याला ‘डेर की डी’ याचा विचार करायला तीन सेकंद लागतात त्याला जर्मन येत असली तरी संभाषण येत नाही. हा वेग फक्त वारंवार, थोड्या थोड्या दिवसांनी तोंडातून शब्द काढल्याने येतो. म्हणून वर्ग निवडताना आठवड्याचे तास विचारून थांबू नये. जोड्या लावून बोलण्याचा वेळ दर वर्गात किती, हेही विचारावं. तीन तासांपैकी एक तास जोडीने संवाद होत असेल तर वाट्याला साडेचारऐवजी तीस मिनिटं येतात. तास तेच, फी तीच, फरक सातपटीच्या जवळपास. ग्योथेची बी-वनची तोंडी परीक्षाही बहुधा जोडीनेच होते, पंधरा मिनिटांची. त्यात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. ते एकट्याने पाठ करून जमत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. पुण्यातल्या रुग्णालयात काम करणारी परिचारिका आहे असं समजा. ड्यूटी फिरती. तिने आठवड्याला ६ तासांचं ठरवलं आहे. माहितीपत्रकाच्या तक्त्याने ६७ आठवडे सांगितले. योगायोगाने माझ्या ढोबळ हिशेबातही सहा तासवाल्याचे तेवढेच येतात, कारण भागायचे ४०० दोन्हीकडे सारखे. पण चार आठवड्यांतून एक आठवडा तिची रात्रपाळी असते आणि त्या आठवड्यात पुस्तक उघडलंच जात नाही. तक्ता म्हणेल, ठीक आहे, तिसरा हिस्सा वेळ जास्त, ८९ आठवडे, तास मात्र ४०० च. गळती धरून मांडलं तर तीन आठवड्यांत तिची निव्वळ प्रगती साडेतेरा तासांची, आणि रिकाम्या आठवड्यात दीड तासाची घट. चार आठवड्यांमागे हाती १२. तीनशे गाठायला १०० आठवडे आणि एकूण ४५० तास. पन्नास तास रात्रपाळीने खाल्ले. पण ते त्या आठवड्यांच्या नावे कुठेच लिहिलेले नसतात, पुढच्या आठवड्यांच्या उजळणीत लपलेले असतात.

आता त्याच रात्रपाळीच्या आठवड्यात तिने नवीन काहीही न शिकता फक्त दीड तास राखला, येता-जाता बसमध्ये जुने धडे ऐकले, वॉर्डातल्या शांत वेळेत वीस वीस मिनिटं जुने शब्द म्हटले, तर घट थांबते. चार आठवड्यांमागे साडेतेरा तास हाती लागतात. ८९ आठवडे, सुमारे ४३३ तास. महिन्याला दीड तास जास्त देऊन एकूण सतरा तास आणि अकरा आठवडे वाचले. तक्त्याच्या भागाकारात असं घडूच शकत नाही. तिथे जास्त तास दिले की पोचण्याचा दिवस जवळ येतो, एकूण बेरीज तीच राहते. इथे तास जास्त दिल्याने बेरीज लहान झाली.

आणि तिने दुसरा बदल करावा असं मला वाटतं, तो सगळ्यांच्या सवयीच्या उलट आहे. बहुतेक जण उत्साहात आठवड्याला दहा-दहा तासांनी सुरुवात करतात आणि ए-टूपर्यंत येता येता दोनावर येतात. म्हणजे गळती नसताना धार मोठी आणि गळती वाढल्यावर धार बारीक. तिच्याकडे साठवलेली रजा असेल, किंवा दिवसपाळीचे सलग काही महिने मागून घेता येत असतील, तर ते सुरुवातीला खर्च करू नयेत. पहिले सहा-सात महिने ए-वनसाठी आठवड्याला चार-पाच तासांवर निवांत चालावं. ए-टूचं निम्मं पुस्तक झालं की रजा, दिवसपाळी, घरातल्यांची मदत, जे जे हाताशी आहे ते सगळं तिथे लावून तीन-चार महिने आठवड्याला बारा तास करावेत, आणि त्यातले निदान चार तास कुणाशी तरी समोरासमोर बोलण्याचे असावेत. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं, कारण त्यांना सुरुवातीचा जोर दिसायची सवय असते आणि सातव्या महिन्यात ‘आता तर तुला बरीच येते, आता कशाला एवढं’ असं ते म्हणतात. नेमका तोच महिना असतो.

बी-वन ओलांडल्यावर ही सक्ती सैल होते. १९८४ मध्ये हॅरी बाहरिक यांनीच शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून अधिक लोकांना तपासलं होतं, काहींना तर पन्नास वर्षांनी. पहिल्या तीन ते सहा वर्षांत विस्मरण जोरात झालं. त्यानंतर जे उरलं ते दोन-तीन दशकं जवळपास तसंच राहिलं, आणि ज्यांचं मूळ शिकणं खोलवर झालं होतं त्यांचं जास्त उरलं. त्या टप्प्यावर आठवड्याला दोन तास पुरतात, रोज पंधरा मिनिटंही पुरतात, आणि माहितीपत्रकातला सोयीने वेग निवडण्याचा सल्ला पहिल्यांदाच खरा ठरतो. फक्त तोवर वर्गाची फी भरून झालेली असते, त्यामुळे तक्ता तिथपर्यंत छापलेला नसतो.